अंड्याचं मेयोनीज आणि आठवं कलम

३० ऑक्टोबर २०२४ रोजी तेलंगण शासनाने कच्च्या अंड्यापासून केलेलं मेयोनीज बनवायला, साठवायला आणि विकायला एक वर्षाची बंदी घातली. त्याच्या आधीच्या काही दिवसांत हैदराबादच्या बंजारा हिल्स भागात मोमो खाल्ल्यावर अनेक जण आजारी पडले होते आणि एका महिलेचा मृत्यू झाला होता. मोमोसोबत मेयोनीज होतं, आणि कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवरचा संशय शासनाच्या आदेशातही व्यक्त झाला. केरळने अशीच बंदी जानेवारी २०२३ मध्ये आणली होती, तमिळनाडूने नंतर एप्रिल २०२५ मध्ये आणली.

आयएसओ २२००० चा लीड ऑडिटर कोर्स करायला परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयातून, नांदेड-लातूरकडून हैदराबादला नोकरीसाठी आलेली बरीच मुलं-मुली बसतात. कोर्स साधारण पाच दिवसांचा, चाळीस तासांचा. अन्नसुरक्षेचं तंत्र त्यांना चांगलं येतं. साल्मोनेला किती तापमानाला मरतो हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. अडतात ते एकाच ठिकाणी. एक छोटा प्रसंग दिलेला असतो आणि खाली विचारलेलं असतं, ‘कोणत्या कलमाची पूर्तता झाली नाही?’ चार पर्यायांतली चारही कलमं त्या प्रसंगाशी थोडीफार जुळतात. मग अंदाजपंचे उत्तर जातं, आणि गुण हमखास जातात ते आठव्या कलमात.

म्हणून हा लेख आठव्या कलमापुरता आणि अशा प्रसंगांच्या प्रश्नांपुरता. उदाहरण मेयोनीजचंच घेऊ. पुढचा कारखाना सरावासाठी मी रचलेला आहे, कोणा खऱ्या कंपनीचा नाही.

प्रसंग असा

चेर्लापल्लीला एक सेंट्रल किचन आहे. तिथून गच्चीबावलीतल्या ऑफिसांना सँडविच, रोल आणि छोट्या कपांतून मेयोनीज जातं. आयएसओ २२०००:२०१८ चं प्रमाणपत्र आहे. धोका नियंत्रण योजना जून २०२४ ची आहे. तिच्यात तयार मेयोनीजचा पीएच ४.१ किंवा कमी असणं हा सीसीपी, आणि कोल्ड स्टोअर ५ अंशांच्या आत ठेवणं हा ओपीआरपी. बंदी आली तशी किचनने ४ नोव्हेंबरपासून कच्ची अंडी बंद करून पाश्चराइज्ड द्रव अंडं घ्यायला सुरुवात केली. त्याच आठवड्यात ग्राहकांना आंबटपणा आवडत नाही म्हणून व्हिनेगरऐवजी लिंबाचा रस वापरायचं ठरलं. ऑडिट आहे जानेवारी २०२५ मध्ये.

इथे परीक्षार्थीच्या मनात पहिला विचार येतो की किचनने कायदा पाळला, सुरक्षित अंडं घेतलं, म्हणजे छानच केलं. केलंही. पण प्रश्न चांगल्या-वाईटाचा नसतो. बदल करताना मानकाने मागितलेली कोणती गोष्ट राहून गेली, एवढंच विचारलेलं असतं.

पुरावा बदलला की कलम बदलतं

मेयोनीजच्या कृतीतला बदल ही घटना एकच. तिच्यावर निदान पाच वेगळे प्रश्न निघू शकतात आणि पाचही उत्तरं वेगळी. प्रश्नातलं शेवटचं वाक्य, म्हणजे ऑडिटरने प्रत्यक्ष काय पाहिलं किंवा ऐकलं, ते उत्तर ठरवतं.

समजा प्रश्नात लिहिलं आहे: ‘फूड सेफ्टी टीम लीडरला बदलाची माहिती डिसेंबरच्या शेवटी मिळाली. खरेदी विभागाने कळवलं नव्हतं.’ उत्तर ७.४.३, अंतर्गत संवाद. कच्चा माल, उत्पादन, कायदेशीर गरजा यांत बदल झाला की टीमला वेळेवर कळलं पाहिजे, असं ते कलम स्पष्ट सांगतं. यादीच दिलेली आहे तिथे.

आता शेवटचं वाक्य बदला: ‘प्रवाह आकृतीत अजून “अंडी फोडणे” ही पायरी आहे आणि कच्च्या मालाच्या वर्णनात कवचासहित अंडी लिहिलेली आहेत.’ आता उत्तर ८.६. योजना तयार झाल्यानंतर कच्च्या मालाची वैशिष्ट्यं, तयार मालाची वैशिष्ट्यं, अपेक्षित वापर, प्रवाह आकृत्या आणि प्रक्रियेची वर्णनं गरजेप्रमाणे अद्ययावत करायची, हे सांगणारं कलम तेच. इथे पुष्कळ जण ८.५.१.५ लिहितात, कारण प्रवाह आकृतीचं कलम ते आहे. पण जूनमध्ये आकृती काढली होती, जागेवर जाऊन पडताळलीही होती. तेव्हा ती बरोबर होती. चूक नंतर झाली. ‘सुरुवातीला केलं का’ हा ८.५.१ चा प्रश्न, ‘बदलल्यावर सुधारलं का’ हा ८.६ चा.

काही जण ६.३ निवडतात, बदलांचं नियोजन. ते चूक म्हणता येणार नाही, पण लांबचं आहे. ६.३ संपूर्ण व्यवस्थापन प्रणालीतल्या बदलांबद्दल बोलतं, माणसं बदलण्यासकट. प्रश्नातला पुरावा आकृतीवरच्या एका पायरीचा असेल तर त्या पायरीचं नाव घेणारं कलम जवळचं. १०.३ चंही तसंच. ते पूर्ण प्रणाली अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी वरिष्ठ व्यवस्थापनावर टाकतं. एकाच आकृतीसाठी तिथपर्यंत जायची गरज नाही.

तिसरा प्रकार: ‘पाश्चराइज्ड अंड्याच्या पुरवठादाराचं मूल्यमापन केल्याची नोंद दाखवता आली नाही.’ हे ७.१.६, बाहेरून मिळणाऱ्या प्रक्रिया, उत्पादनं आणि सेवा यांचं नियंत्रण. चौथा: ‘पाश्चराइज्ड अंड्याला लागू असलेल्या कायदेशीर गरजा कोणीही शोधल्या नव्हत्या.’ हे ८.५.१.२, कारण कच्च्या मालाबाबतच्या कायदेशीर गरजा ओळखायची अट त्यात आहे. गंमत म्हणजे किचन बंदीनंतरही कच्च्या अंड्याचं मेयोनीज विकत राहिलं असतं आणि ‘असा आदेश आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणालं असतं, तर मी ८.५.१.३ घेतलं असतं. बंदी अंड्यावर नव्हती, मेयोनीजवर होती, आणि तयार मालाला लागू असलेल्या कायदेशीर गरजा ओळखायचं कलम ते. अशा ठिकाणी परीक्षार्थी थेट अन्नसुरक्षा कायद्याचा हवाला लिहितो. कायद्याचा उल्लेख जरूर करावा, पण नापूर्तता मानकाच्या कलमावर लिहायची. तुम्ही तिथे ऑडिटर म्हणून गेलेले असता, फूड इन्स्पेक्टर म्हणून नाही.

पाचवा प्रकार लिंबाचा, आणि तो जरा सावकाश पाहण्यासारखा आहे.

लिंबू आणि ८.५.३

प्रश्न असा येईल: ‘नोव्हेंबरपासून व्हिनेगरऐवजी लिंबाचा रस वापरला जातो. पीएचची मर्यादा ४.१ तीच ठेवली आहे. क्वालिटी मॅनेजर म्हणाल्या, पीएच तोच आहे, त्यामुळे वेगळं काही करायची गरज वाटली नाही. रोजच्या नोंदी पाहिल्या, सर्व बॅच ४.१ च्या आत.’ पर्यायांत ८.५.३, ८.५.४.३, ८.८.१ आणि ‘नापूर्तता नाही’ असे चार.

मॅनेजरबाईंचं म्हणणं पटण्यासारखं आहे, आणि इथेच अन्नतंत्र येत असल्याचा उपयोग होतो. पीएच एकच असला तरी सगळी आम्लं जीवाणूंवर सारखी वागत नाहीत. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल त्याच पीएचला लिंबातल्या सायट्रिक आम्लापेक्षा साल्मोनेलावर जास्त जोरात काम करतं. शिवाय आम्लाने साल्मोनेला मरण्याचा वेग थंडीत मंदावतो. म्हणजे मेयोनीज केल्या केल्या कोल्ड स्टोअरमध्ये ढकललं तर ते सुरक्षित झालं असं आपल्याला वाटतं, पण आम्लाचं काम त्या थंडीत उलट हळू होतं. पाश्चराइज्ड अंड्यामुळे धोका खूप कमी झाला हे खरं. तरीही योजनेत पीएच हा सीसीपी आहे, म्हणजे टीमने त्याच्यावर भिस्त ठेवली आहे. जून २०२४ मध्ये व्हिनेगर धरून सिद्ध केलेली गोष्ट लिंबाला आपोआप लागू होत नाही.

उत्तर ८.५.३. निवडलेले नियंत्रण उपाय ठरलेला परिणाम साधू शकतात याचा पुरावा फूड सेफ्टी टीमने मिळवायचा, तोही योजना अमलात आणण्यापूर्वी आणि बदलानंतर पुन्हा, असं ते कलम सांगतं.

व्हॅलिडेशन, मॉनिटरिंग आणि व्हेरिफिकेशन या तिघांत होणारा घोळ याच प्रसंगावर सोडवून घ्या. ‘पीएच ४.१ ठेवला तर धोका खरंच आटोक्यात येतो का?’ हे आधी सिद्ध करणं म्हणजे व्हॅलिडेशन, ८.५.३. ‘आत्ताच्या बॅचचा पीएच किती आहे?’ हे बॅच चालू असताना मोजणं म्हणजे मॉनिटरिंग, ८.५.४.३. ‘गेल्या महिन्यात ठरल्याप्रमाणे सगळं झालं का?’ हे मागे वळून तपासणं म्हणजे व्हेरिफिकेशन, ८.८.१. प्रश्नातली क्रिया कोणत्या वेळी होते हे पाहिलं की बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

८.८.१ मध्ये एक बारीक अट आहे आणि प्रश्न काढणाऱ्यांना ती फार आवडते: मॉनिटरिंगची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्यानेच त्याच कामाचं व्हेरिफिकेशन करायचं नाही. प्रसंगात ‘पीएच नोंदवहीवर दोन्ही रकान्यांत एकाच ऑपरेटरची सही’ असं वाक्य दिसलं की दुसरीकडे पाहू नका. सही पर्यवेक्षकाची असेल, पण पीएच त्यानेच मोजला असेल, तरीही तीच नापूर्तता. पद मोठं असल्याने अट सुटत नाही.

४.४ पीएचची बॅच

आता सगळ्यात जास्त फसवणारा प्रश्न. ९ जानेवारीच्या चाळीस किलोच्या बॅचचा पीएच ४.४ निघाला. ऑपरेटरने नोंद केली, बॅच बाजूला ठेवून ‘होल्ड’चं लेबल लावलं, मॅनेजरला कळवलं. नमुना प्रयोगशाळेत गेला. अहवाल आला, २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला नाही. मॅनेजरने सही केली आणि १३ जानेवारीला बॅच गेली. पीएच का वाढला याचंही कारण शोधलं, लिंबाचा रस मोजायचं भांडं बदललं होतं. ते दुरुस्त केलं.

हा प्रसंग वाचून वर्गातले निम्मे लोक ‘नापूर्तता नाही, उलट चांगली पद्धत’ असं लिहितात. ओळख झाली, बॅच रोखली, तपासली, कारण शोधलं. अजून काय हवं?

हवं आहे ते ८.९.४.२ मध्ये. तिथे सीसीपी आणि ओपीआरपी यांची वाट वेगळी होते. सीसीपीची मर्यादा ओलांडलेला माल सोडायचाच नाही. त्याचं पुढे काय करायचं ते ८.९.४.३ सांगतं: धोका स्वीकार्य पातळीवर येईल अशी पुन्हा प्रक्रिया करा, अन्नसाखळीतल्या सुरक्षिततेला धक्का लागणार नाही अशा दुसऱ्या वापराकडे वळवा, नाहीतर नष्ट करा. प्रयोगशाळेचा अहवाल दाखवून बॅच सोडायची सवलत इथे नाही.

त्याच अहवालावर ओपीआरपीचा माल मात्र सोडता येतो. कोल्ड स्टोअर दोन तास ९ अंशांवर गेलं असतं, तो ओपीआरपी असता, आणि नमुना तपासणीने किंवा इतर पुराव्याने माल सुरक्षित असल्याचं दिसलं असतं, तर तो सोडणं मानकाला चालतं. त्याआधी ८.९.२.३ प्रमाणे त्या बिघाडाचा अन्नसुरक्षेवर काय परिणाम झाला, कारण काय आणि कोणता माल त्यात सापडला हे पाहायचं असतं.

यामागचं कारण समजलं की पाठांतर लागत नाही. चाळीस किलोतून काढलेल्या २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला सापडला नाही, म्हणजे चाळीस किलोत तो नाहीच असं होत नाही. ज्या पायरीवर टीमने स्वतःच मोजता येणारी लक्ष्मणरेषा आखली, तिथे अशा नमुन्यावर विसंबायला मानक तयार नाही.

म्हणून अशा प्रश्नात पेन टेकवण्यापूर्वी एकच गोष्ट शोधा: ही पायरी योजनेत सीसीपी आहे की ओपीआरपी? ते कुठेतरी लिहिलेलंच असतं, बहुधा प्रसंगाच्या पहिल्या ओळींत, जिथे लक्ष जात नाही अशा जागी. ‘क्रिटिकल लिमिट’ म्हटलं असेल तर सीसीपी, ‘ॲक्शन क्रायटेरियन’ म्हटलं असेल तर ओपीआरपी. लिमिट मोजता येणारीच असावी लागते. क्रायटेरियन मोजता येणारा किंवा नुसता पाहता येणारा, दोन्ही चालतो.

आता याच प्रसंगाला एक फाटा देतो. समजा मॅनेजरने बॅचमध्ये आणखी आम्ल घालून पीएच ४.० वर आणला, परत मोजला, मंजुरी देण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीच्या नावासकट नोंद ठेवली आणि मगच माल पाठवला. ही नापूर्तता का? माझ्या मते नाही. ही पुन्हा केलेली प्रक्रिया आहे आणि ८.९.४.३ तिला जागा देतं. पण मंजुरी कोणी दिली याची नोंदच नसेल तर त्याच कलमावर नापूर्तता उभी राहते. दोन प्रसंगांत एका ओळीचा फरक, आणि उत्तर उलटं.

‘करेक्शन’ आणि ‘करेक्टिव्ह ॲक्शन’ हीही जोडी याच बॅचमध्ये आहे. ती बॅच रोखणं हे पहिलं, ८.९.२. भांडं का बदललं, आणि ते परत तसंच होऊ नये म्हणून काय केलं, हे दुसरं, ८.९.३. पर्यायांत १०.१ सुद्धा ठेवलेलं असतं. प्रसंग बॅचचा, मर्यादेचा, मॉनिटरिंगचा असेल तर ८.९. अंतर्गत ऑडिटमध्ये किंवा व्यवस्थापनाच्या कामात निघालेली नापूर्तता असेल तर १०.१.

पीएच मीटरने केलेला घोटाळा

६ जानेवारीला कॅलिब्रेशन केलं तेव्हा पीएच मीटर प्रमाण द्रावणात ०.३ ने कमी दाखवत होतं. त्याच दिवशी नवं मीटर आणलं. कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे, जुनं मीटर लाल पट्टी लावून कपाटात आहे. ऑडिटरने विचारलं, ‘मग डिसेंबरच्या बॅचचं काय?’ मॅनेजर म्हणाल्या, ‘त्या सगळ्या चार-शून्यच्या होत्या, मर्यादेत.’

मर्यादेत होत्या असं म्हणता येत नाही. मीटर ०.३ ने कमी दाखवत असेल तर ४.० म्हणून लिहिलेली बॅच खरी ४.३ ची असू शकते. ८.७ मध्ये हेच मागितलं आहे: मोजणारं साधन बिघडलेलं सापडलं तर आधीच्या मोजमापांची विश्वासार्हता तपासा, आणि ज्या मालावर परिणाम झाला असेल त्याबाबत कृती करा. हे मूल्यमापन लिहूनही ठेवायचं असतं.

अशा प्रश्नात ८.९.५, माल परत बोलावणं, हा पर्याय खुणावत असतो. डिसेंबरचा माल बाजारात गेला आहे, तो असुरक्षित असेल तर रिकॉल करायला हवा, हे बरोबर आहे. पण तो असुरक्षित आहे हे अजून ठरलेलंच नाही. ते ठरवायचं काम राहिलं, आणि ते ८.७ चं. घटनांच्या साखळीत पहिला दुवा जिथे तुटला, उत्तर तिथे.

नापूर्तता लिहिताना

वर्णनात्मक प्रश्नात नुसता क्रमांक देऊन भागत नाही, नापूर्ततेचं निवेदन लिहावं लागतं. त्यात तीन गोष्टी असाव्यात: मानकाची गरज काय, पुरावा काय सापडला, आणि त्यावरून काय कमी पडलं. बॅचच्या प्रसंगाचं निवेदन मी असं लिहीन. परीक्षा बहुधा इंग्रजीत असते, पण रचना हीच ठेवा:

‘सीसीपीची क्रिटिकल लिमिट न पाळलेल्या मालाच्या सुटकेवर नियंत्रण प्रभावी नाही. कलम ८.९.४.२ नुसार असा माल सोडता येत नाही, त्याची ८.९.४.३ प्रमाणे विल्हेवाट लावावी लागते. पुरावा: ९ जानेवारी २०२५ ची मेयोनीज बॅच, ४० किलो, पीएच नोंद ४.४, मर्यादा ४.१. प्रयोगशाळेच्या अहवालाच्या आधारे १३ जानेवारीला सुटका, सुटकेच्या नोंदीवर क्वालिटी मॅनेजरची सही.’

यात सल्ला नाही, ‘मॅनेजरने निष्काळजीपणा केला’ असं मत नाही, आणि प्रसंगात नसलेली एकही माहिती नाही. ‘यापूर्वीही असं झालं असावं’ हे वाक्य कितीही खरं वाटलं तरी लिहायचं नाही. कलमाचा क्रमांक शक्य तितका आतला द्यावा. ‘८.९’ किंवा नुसतं ‘८’ लिहिलं तर तुम्हाला नेमकी गरज सापडली नाही असाच अर्थ निघतो. तसंच एका पुराव्यावर तीन-तीन क्रमांक टाकू नका. तीन टाकणारा एक बरोबर येईल म्हणून टाकतो हे तपासणाऱ्याला लगेच कळतं.

मेजर की मायनर विचारलं असेल तर प्रणाली आपलं ठरलेलं काम करू शकते का याच्यावर त्या नापूर्ततेचा काय परिणाम होतो ते पाहा. वरची बॅच मी मेजर धरीन, कारण सीसीपी मोडलेला माल ग्राहकापर्यंत गेला. प्रवाह आकृतीत ‘अंडी फोडणे’ राहून गेलं, पण टीमने बदलाचं धोका विश्लेषण केलं होतं आणि कागद तेवढा सुधारायचा राहिला, तर मायनर. विश्लेषणच केलेलं नसेल तर मात्र मायनर म्हणायला मी कचरेन.

सगळ्याच प्रसंगांत नापूर्तता असते असं समजू नका. ‘अंतर्गत संवादाची लेखी कार्यपद्धती नाही’ असा प्रश्न येतो आणि लोक ७.४.३ ठोकून देतात. त्या कलमात लेखी कार्यपद्धती मागितलेलीच नाही. बाह्य संवादाचा, म्हणजे ७.४.२ चा, पुरावा मात्र जपून ठेवायला सांगितलं आहे. एखादी गोष्ट लिहिलेली नाही म्हणून नापूर्तता म्हणण्याआधी ती लिहून ठेवा असं मानकाने म्हटलं आहे का, हे पाहा. आणि प्रसंगात पुरावाच अपुरा असेल, नुसतं ‘ऑपरेटर गोंधळलेला दिसला’ एवढंच असेल, तर योग्य उत्तर असतं, आणखी चौकशी करा: कोणती नोंद मागाल, कोणाला काय विचाराल ते लिहा.

तयारी करताना

मानकाची प्रत समोर ठेवून परीक्षा द्यायला मिळणार की नाही हे कोर्स देणाऱ्या संस्थेवर अवलंबून असतं, पहिल्याच दिवशी विचारून घ्या. मिळणार असेल तरी आठवं कलम वेळेवर चाळत बसणं परवडत नाही. मी सांगतो ते एवढंच: ८.१ ते ८.९ ही नऊ मुख्य शीर्षकं तोंडपाठ करा, आणि ८.५ नि ८.९ यांच्या आतल्या पायऱ्या कोणत्या क्रमाने येतात ते एकदा स्वतःच्या हाताने कागदावर काढा. हा क्रम कारखान्यातल्या कामाच्या ओघानेच लावलेला आहे. आधी मालाची माहिती, मग धोक्याचं विश्लेषण, मग उपायाची सिद्धता, मग योजना, मग बदल, मोजमाप, पडताळणी, आणि शेवटी बिघडलं तर काय. प्रसंग या ओघात कुठे बसतो हे कळलं की दोनच शेजारची कलमं उरतात आणि त्यांतून निवडणं सोपं जातं.

मानक वाचताना ‘शॅल’ असलेली वाक्यंच गरज म्हणून धरा. त्यांच्याखालच्या टिपा समजायला उपयोगी, पण टिपेवर नापूर्तता लिहिता येत नाही. २०२४ च्या दुरुस्तीने ४.१ आणि ४.२ मध्ये हवामान बदलाचा मुद्दा आला आहे. तुमच्या प्रतीत तो नसेल तर दुरुस्ती वेगळी मिळवा.

शेवटी सराव प्रश्नांबद्दल. मित्रांकडून, जुन्या बॅचकडून पीडीएफ फिरत येतात आणि त्यांतले बरेच २००५ च्या जुन्या आवृत्तीवर बेतलेले असतात. ओळखायची खूण सोपी आहे. उत्तरांत ७.१० दिसलं, उदाहरणार्थ असुरक्षित मालासाठी ७.१०.३ किंवा माल परत बोलावण्यासाठी ७.१०.४, तर ती जुनी आवृत्ती. २०१८ च्या मानकात सातव्या कलमात संसाधनं, क्षमता, संवाद आणि दस्तऐवज आहेत, ७.१० नाहीच. याहून घातक आहे ८.२, कारण तो क्रमांक दोन्ही आवृत्त्यांत आहे. जुन्यात ८.२ म्हणजे व्हॅलिडेशन, नव्यात ८.२ म्हणजे पीआरपी. लिंबाच्या प्रश्नाला जुन्या पीडीएफमध्ये ८.२ हे उत्तर बरोबर म्हणून दिलेलं असेल, आणि २०१८ च्या परीक्षेत ते साफ चूक ठरेल.

पीडीएफ टाकून द्यायचं कारण नाही. त्यातले प्रसंग चांगले असतात. प्रसंग ठेवा, उत्तरं झाका आणि २०१८ ची प्रत उघडून प्रत्येकाचं कलम स्वतः शोधा.